ठेल्यावरचे पोते आणि संवेगाचा हिशेब

वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग, आणि तो ज्या दराने बदलतो ते निव्वळ बल. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त दुसरा नियम मांडला तो गतीच्या अशा मापातल्या बदलाचाच होता. वस्तुमान तेच राहत असेल, तर त्यातूनच ‘बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण’ हे परिचित सूत्र निघते. सरावपत्रिकेतली बहुतेक उदाहरणे या सूत्राने सुटतात. अडचण येते ती वस्तुमान वाटेतच बदलते तेव्हा, आणि बाजारात ते सारखे बदलत असते.

रायपूरच्या गोल बाजारातला मालाने भरलेला ठेला घेऊ. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत: ठेला आणि माल मिळून २०० किलोग्रॅम, हमालाचा रेटा १०० न्यूटन, चाके आणि रस्ता यांचा एकूण विरोध ६० न्यूटन. पहिली चूक इथेच होते. १०० ला २०० ने भागून त्वरण ०.५ लिहिले जाते. पण नियम निव्वळ बलाविषयी बोलतो आणि ते ४० न्यूटन आहे. म्हणून त्वरण दर सेकंदाला ०.२ मीटर प्रति सेकंद. स्थिर ठेल्याला १.२ मीटर प्रति सेकंद, म्हणजे साधारण चालण्याचा वेग, गाठायला ६ सेकंद लागतील. संवेगाने पडताळा घेता येतो: ४० न्यूटन ६ सेकंद लागले की २४० किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद एवढा संवेग मिळतो, आणि २०० गुणिले १.२ हेही २४०च. हा वेग आल्यावर हमालाने रेटा ६० न्यूटनवर आणला की त्वरण शून्य होते. तो ढकलतच असतो, तरी वेग वाढत नाही. बलाशिवाय गती टिकत नाही हा जुना समज याच दृश्यावर पोसलेला आहे. घर्षण डोळ्यांना दिसत नाही एवढेच.

आता चालत्या ठेल्यावर एका दुकानदाराने ४० किलोग्रॅमचे पोते वरून अलगद ठेवले. पोत्याला पुढच्या दिशेने वेग नव्हता, म्हणजे त्या दिशेचा संवेगही नव्हता. २४० चा संवेग आता २४० किलोग्रॅममध्ये वाटला जातो आणि वेग १ मीटर प्रति सेकंद होतो. ठेला मंदावला, कारण पोत्याला पुढे ओढण्यासाठी फळ्यांनी त्याच्यावर घर्षणाचे बल लावले आणि पोत्याने तेवढेच फळ्यांवर उलटे लावले. गतिज ऊर्जा मात्र १४४ ज्यूलवरून १२० वर आली. उरलेले २४ ज्यूल पोते फळ्यांवर घसरताना उष्णतेत गेले. संवेग टिकला म्हणजे ऊर्जाही टिकली असे धरून सोडवले, तर वेग सुमारे १.१ येतो, आणि तो चूक आहे.

यात एक गृहीतक दडले आहे. पोते चढल्यावर चाकांवरचा भार वाढतो आणि विरोधही त्याच प्रमाणात वाढला असे मानले तर तो ७२ न्यूटन होतो. हमाल ६० न्यूटननेच ढकलत असेल, तर पोते स्थिरावण्याच्या, समजा, ०.३ सेकंदात १२ न्यूटनच्या फरकाने ३.६ इतका संवेग कमी होईल. २४० च्या मानाने हे दीड टक्का आहे, म्हणून दुर्लक्षिता येते. पुढे मात्र हमालाने जोर वाढवला नाही, तर ठेला हळूहळू थांबेल.

उलट उदाहरण जास्त फसवे आहे. २०० किलोग्रॅमचा ठेला १.२ च्या वेगाने चालला असताना ४० किलोग्रॅमचे पोते मागच्या कडेवरून सुटून पडले, तर ठेल्याचा वेग किती? २४० ला १६० ने भागून १.५ असे उत्तर पुष्कळ जण लिहितात. ते चूक आहे. पोते रिकाम्या हाताने जात नाही. सुटताना त्याचा वेगही १.२ च असतो आणि ४८ चा संवेग ते बरोबर घेऊन जाते. उरलेला १९२ चा संवेग १६० किलोग्रॅमचा, म्हणजे वेग पुन्हा १.२. ठेल्याला वेग वाढवून घ्यायचा असेल तर कुणीतरी पोते मागे ढकलायला हवे. अशा उदाहरणात पहिला प्रश्न हाच: बदलणारे वस्तुमान येताना किंवा जाताना कोणत्या वेगाने चालले होते?

शेवटी थांबणे. भरलेल्या ठेल्याचा २४० चा संवेग ३ सेकंदांत संपवायचा तर निव्वळ विरोध ८० न्यूटन हवा. त्यातले ६० रस्ता आणि चाके देतातच, म्हणून हमालाला मागे ओढावे लागते ते २० न्यूटननेच. ढकलणे सोडून दिले तर ठेला ४ सेकंदांत, २.४ मीटरवर आपोआप थांबेल. पण पुढचे चाक दगडाला अडून ठेला ०.३ सेकंदात थांबला, तर सरासरी बल ८०० न्यूटन होते, त्यातले ७४० दगडाचे. संवेगातला बदल तोच, वेळ दहापट कमी. वरची पोती तेव्हा पुढे सरकतात, कारण त्यांचा संवेग तितक्याच वेळात संपवायला फळ्यांचे घर्षण पुरत नाही.