शुभेच्छा न देणारं कार्ड

ती. आजीस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर मी तुला चुकीचं सांगितलं. ते दुरुस्त करण्यासाठी हे पत्र.

क्योतोच्या माझ्या घरमालकीणबाईंचं कार्ड इंदूरला आलं, तेव्हा तू फोटो पाठवून विचारलंस, "काय लिहिलंय गं?" मी म्हटलं, "नव्या वर्षाच्या शुभेच्छा." तू जरा वेळ गप्प राहिलीस आणि म्हणालीस, "यंदा आपल्याकडे सण नाही. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत!"

आजी, कार्डावर शुभेच्छा नव्हत्याच. त्यात लिहिलं होतं: आम्ही शोकात असल्यामुळे वर्षअखेरीच्या आणि नववर्षाच्या शुभेच्छा देण्यापासून नम्रपणे दूर राहतो. जूनमध्ये त्यांची आई गेली, 96 वर्षांची होऊन. म्हणजे जे तू बोललीस, तेच त्यांनी लिहिलं होतं.

एरवी त्या पाठवतात ते नेंगाजो, नववर्षाचं कार्ड. त्यावर येणाऱ्या वर्षाचा प्राणी असतो. 2025चा साप तू नागपंचमीच्या चित्राशेजारी लावून ठेवलास, तो तसाच. ही कार्डं डिसेंबरात टाकली तरी टपालखातं सांभाळून ठेवतं आणि 1 जानेवारीला घरोघर गठ्ठ्यानं पोचवतं. ज्या घरी वर्षभरात मृत्यू झाला, तिथून ती जात नाहीत. त्याऐवजी हे मोचू कार्ड जातं. तेही लवकर, डिसेंबरच्या सुरुवातीला पोचेल असं, म्हणजे समोरच्यानं आपली अभिनंदनाची कार्डं लिहिण्याआधीच त्याला कळावं.

तुला ते प्रसन्न वाटलं ते पांढऱ्या शेवंतीमुळे. आपल्याकडे शेवंती देवाला आणि वेणीत. तिकडे पांढरी शेवंती अंत्यविधीची. करडी शाईही शोकाचीच. मजकुरात स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. औपचारिक पत्रांची ती जुनी रीत. मला तू सांगितलेलं आठवलं, की मृत्यूच्या पत्रावर माथ्याला 'श्री' लिहीत नसत आणि ते वाचून फाडून टाकत. पत्र उघडताक्षणीच कळे.

मग मी शुभेच्छा का सांगितल्या? त्या वाक्याचा गाभा 'एन्र्यो' या शब्दात आहे. दुसऱ्याला अडचण होऊ नये म्हणून स्वतःला आवरून मागे राहणं, असं काहीसं. सरळ मराठीत ते "आम्ही शुभेच्छा देणार नाही" असं होतं, आणि मला वाटलं, कोणी मुद्दाम कार्ड पाठवून असं सांगितलं तर तुला तुसडेपणा वाटेल. आजोबांना जाऊन पाच महिने झालेत, तुझ्यापुढे मृत्यूचा विषयही नको होता. म्हणून मी वाक्य तुला सोसेल असं करून टाकलं. अनुवाद करणारे स्वतःला समजावतात की वाचकासाठी केलं. खरं तर तुला काय पेलेल, हे मी तुला न विचारता ठरवलं. दोन शोकातली माणसं एकमेकांना ओळखू शकली असती. मधल्या माणसानं एकीला आनंदी करून टाकलं.

दोन्ही रीती एकच आहेत, असं मात्र मी म्हणणार नाही. जसं आपलं सुतक वेगळं आणि वर्ष वेगळं, तसं त्यांच्याकडे पहिले 49 दिवस वेगळे आणि मग साधारण वर्षभराचा शोक वेगळा, इथवर जुळतं. पण तिकडे शोकातल्या माणसानंच आधी कळवायचं, दुसऱ्याला अवघडायला नको म्हणून. आपल्याकडे कळवावं लागत नाही. दिवाळीत आपल्या घरी कढई चढली नाही, तर शेजारच्या काकू न विचारता फराळाचा डबा ठेवून गेल्या. दुःखात असलेल्यानं इतरांना सांभाळावं की इतरांनी त्याला, याची ही दोन उत्तरं. मला अजून त्यांतलं एक निवडता येत नाही. काकूंचा डबा बघून तू आत जाऊन रडलीस, हेही मला आठवतं. आणि कार्डाच्या त्या नीटस ओळीमागे बाई एकट्या बसल्या असतील, हेही दिसतं.

या कार्डाला उत्तर देता येतं. 7 जानेवारीपर्यंत थांबायचं, नववर्षाचे दिवस सरू द्यायचे. त्यानंतर साधारण 4 फेब्रुवारीपर्यंत कांचू-मिमाइ पाठवतात, म्हणजे कडाक्याच्या थंडीत केलेली विचारपूस. त्यात 'अभिनंदन' हा शब्द चुकूनही येऊ द्यायचा नाही. थंडी फार आहे, जपा, इतकं पुरतं.

तू दोन ओळी मराठीत लिहून दे. आजोबांचं लिहायचं की नाही, ते तूच ठरव. त्यांना ते माहीत नाही. तू लिहिलंस तर मी जपानीत तेवढंच लिहीन, तुझ्या बाजूनं गोड करणार नाही, त्यांच्या बाजूनं सौम्यही नाही.

तुझी,
नात