खाटेची नोंद

पुण्यात कर्वेनगरला एक काकू भाड्याच्या फ्लॅटमध्ये कॉट बेसिसवर सहा मुली ठेवत. भाडं ७,५०० रुपये, डिपॉझिट १०,०००. जायचं असेल तर एक तारखेच्या आत सांगायचं आणि मग तो पूर्ण महिना राहायचं, असं फॉर्मवर लिहिलेलं होतं.

खिडकीजवळच्या खाटेवरच्या मुलीला हैदराबादला नोकरी लागली. २८ जूनला जिन्यातच ती म्हणाली, "काकू, जुलैअखेर मी जाणार हं." काकू गॅस सिलिंडरवाल्याशी बोलत होत्या, त्यांनी मान हलवली. जुलैचं भाडं मुलीने भरलंच नाही. आधीच्या मुलींचं डिपॉझिट महिनोन् महिने लटकल्याचं तिच्या कानावर होतं. ९ जुलैला तिने मेसेज केला, "भाडं डिपॉझिटमधून वळतं करा."

३१ तारखेला बॅग भरून ती हिशेबाला बसली. काकू म्हणाल्या, "तुझी नोटीस ९ जुलैची. म्हणजे ऑगस्टचंही भाडं लागेल."

"मी जूनमध्येच सांगितलं होतं!"

"मला तर काही आठवत नाही बाई."

मुलीचे डोळे भरून आले. काकूंनाही वाईट वाटलं असावं, कारण त्या उठून फडताळातली वही घेऊन आल्या. कोणती खाट कधी रिकामी होणार, ते त्या तिच्यात टिपून ठेवत. पान उलटताना त्यांचा हात थांबला. त्यांच्याच अक्षरात होतं : 'खिडकीची खाट, जुलैअखेर. २८ जून.'

वही त्यांना गुपचूप मिटता आली असती. त्यांनी ती मुलीपुढे सरकवली. "तुझं बरोबर आहे. ऑगस्टचं काही देऊ नकोस. पण जुलैचं भाडं अडवायला नको होतंस. डिपॉझिट माझ्या कपाटात पडून नसतं गं. तुझं आलं तेव्हा तुझ्या आधीचीला दिलं. फ्लॅटमालकाचं भाडं, डब्यावाल्या बाई, सगळं पाच तारखेला तुमच्याच भाड्यातून जातं. या महिन्यात मी भिशीतून उचल घेतली."

मुलगी गप्प झाली. मग तिने तिथेच फोनवरून ७,५०० पाठवले आणि हळूच म्हणाली, "मला दिलेल्या कपाटाची किल्ली दिवाळीतच हरवलीय माझ्याकडून. नवं कुलूप मीच आणलं होतं, पण जुनं तोडताना कडी वाकली."

काकूंच्या ते लक्षातही आलं नव्हतं. कडीचे ३५० आणि तिच्या वाट्याच्या लाइट बिलाचे ६४० वजा जाऊन ९,०१० उरले. निम्मे काकूंनी लगेच दिले. बाकीचे १५ ऑगस्टपर्यंत देईन, असं वहीत लिहून खाली सही केली. मुलीने त्या पानाचा फोटो काढून घेतला.

रविवारी नवी मुलगी खाट बघायला आली. काकूंनी भाडं सांगण्याआधी तिच्या हातात वही आणि पेन दिलं. "जाताना मला जिन्यात सांगू नकोस. इथे तुझ्या हाताने तारीख लिही, मी खाली सही करीन."