कुठवर झालं?

गहू-हरभऱ्याच्या दिवसांत आमच्या हसनाबादला शेतीच्या मोटारीची लाईन एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात अण्णा जेवण करून, बॅटरी घेऊन पाणी भरायला निघायचे. ते निघायचे तेव्हा मी पुस्तकासमोर बसलेला असायचो. पहाटे चिखलाचे पाय धुवायला यायचे, तेव्हाही मी तिथंच. मला ते बरं वाटायचं. बाप थंडीत चिखलात उभा आहे आणि मुलगा साडेदहाला दिवा मालवून झोपला, हे मला माझ्याबद्दल ऐकायचं नव्हतं.

मी एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेची तयारी करतो. पूर्वपरीक्षेत एका तासात शंभर प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापले जातात. या अभ्यासाची गंमत म्हणा की जाच म्हणा, तो संपत नाही. शाळेत गृहपाठ संपायचा. इथं चालू घडामोडी रोज नव्यानं तयार होतात आणि टेलिग्रामच्या ग्रुपवर रात्री अकराला कुणीतरी नवी पीडीएफ टाकतंच. ‘झालं’ असं म्हणायचं ठिकाणच नसतं. मग माणूस थकवा हीच खूण धरतो. डोळे मिटायला लागले म्हणजे आजचा अभ्यास झाला.

मागच्या हिवाळ्यात एका सराव पेपरात मी ओळखीच्या प्रश्नांतच आपटलो. त्यानंतर एक आठवडा मी एवढंच केलं, की गणित-बुद्धिमत्तेचा प्रत्येक प्रश्न सोडवताना समासात वेळ लिहिली आणि उत्तरं मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी तपासली. संध्याकाळच्या प्रश्नांत इकडं तिकडं एखादी चूक होती. साडेअकरानंतरच्या पानांवर जवळजवळ अर्धी उत्तरं चूक. तीसुद्धा अवघड प्रश्नांची नव्हेत. वजाबाकी चुकलेली, ‘नाही’ हा शब्द वाचायचा राहिलेला. राज्यघटनेच्या पुस्तकात तर एकाच परिच्छेदाखाली तीन रात्रींच्या तीन रेघा होत्या. तिन्ही वेळा मला तो पहिल्यांदाच वाचतोय असं वाटलं असणार.

ती वही बघताना एक गोष्ट टाळता येईना. बारानंतर मी अभ्यास करत नव्हतो, प्रायश्चित्त घेत होतो. अण्णांच्या जागरणाची परतफेड मी माझ्या जागरणानं करू बघत होतो. पण त्यांच्या जागरणानं गव्हाला पाणी मिळतं. माझ्या जागरणानं कुणाला काय मिळत होतं? मला एवढंच, की सकाळी त्यांच्याकडं बघताना मान खाली जात नव्हती. घरच्यांच्या पैशावर आणि कष्टावर मी स्वतःची टोचणी शमवत होतो, आणि त्याला मेहनत म्हणत होतो.

थांबायचं कसं, हे मात्र मला त्याच शेतात दिसलं. एका रात्री अण्णांसोबत गेलो होतो. लाईन गेली तेव्हा निम्मं वावर भिजायचं राहिलं होतं. अण्णांनी पाणी पोचलेल्या शेवटच्या साऱ्याच्या तोंडाशी एक तुऱ्हाटी रोवली, फावडं धुतलं आणि घराकडं निघाले. मी म्हणालो, “अर्धंच झालं की.” ते म्हणाले, “कुठवर झालं ते कळतंय ना? मग झालं.” घरी येऊन दहा मिनिटांत ते घोरत होते. वावर अर्धं राहिलं म्हणून त्यांची झोप उडत नव्हती, कारण राहिलेलं काम त्यांनी डोक्यात आणलंच नव्हतं. ते तुऱ्हाटीपाशी ठेवून आले होते.

नंतर वाचनात आलं, की अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये छापलेला एक प्रयोग याच्या अगदी जवळचा आहे. ५७ तरुणांना त्यांनी झोपेच्या प्रयोगशाळेत ठेवलं. झोपण्याआधी पाच मिनिटं निम्म्यांनी पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, निम्म्यांनी झालेल्या कामांची. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितका फायदा जास्त. मला उलट वाटलं असतं, की राहिलेलं आठवलं तर झोप उडेल. प्रयोग लहान आहे, एका रात्रीचा आहे, त्यावर फार इमले बांधू नयेत. पण तुऱ्हाटीचं काम त्यात ओळखू येतं.

आता माझं असं आहे. साडेदहाला थांबायचं, म्हणजे दहा वाजून दहा मिनिटांनी नवीन काही उघडायचं नाही. हाती असलेला प्रश्न अर्धा असेल तर अर्धाच सोडायचा. वहीच्या शेवटच्या पानावर कुठं थांबलो ते लिहायचं, पान आणि प्रश्नाच्या आकड्यासकट. खाली उद्याचं पहिलं काम. ‘इतिहास करणे’ असं लिहिलं की रात्री डोकं पुन्हा तिथंच जातं. ‘पान ११२ वरचे पहिले दहा प्रश्न’ लिहिलं की जात नाही. अडलेली शंका असेल तर तीही, प्रश्नाच्या रूपात. मग वही त्या पानावर उघडी ठेवून पुस्तकं मिटायची आणि मोबाइल पुढच्या खोलीत चार्जिंगला लावायचा. शेवटी मी “झालं” असं तोंडानं म्हणतो. सुरुवातीला लाज वाटायची, म्हणून पुटपुटायचो.

हे मोडतं ते मोबाइलपाशी. ‘पडल्या पडल्या एक लेक्चर ऐकतो’ हे वाक्य आलं की समजायचं, की दुकान बंद करून मागच्या दारानं पुन्हा आत चाललोय. दुसरी खूण सकाळी दिसते. वही उघडल्यावर पहिलं काम काय ते शोधावं लागलं, तर रात्री ते नीट लिहिलेलं नव्हतं. आणि आठवडाभर रोज निम्मी यादी उरत असेल, तर दोष थांबायच्या वेळेचा नसतो. दिवसाचे तास कुठंतरी गळत असतात. माझे दुपारी दोन ते चार गळत होते. रात्री जागायचंच आहे म्हणून दुपारी मी निवांत असायचो.

एवढं सगळं जमवून मी धाकट्या बहिणीला शिकवायला गेलो. ती बारावीला आहे. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “दादा, तुझी बंद करायची वेळ ती माझी सुरू करायची वेळ हाय.” संध्याकाळच्या भाकरी, जेवणं, भांडी, आवराआवर यातून तिला पुस्तक मिळायचं साडेनऊ-पावणेदहाला. मी साडेदहाला शहाण्यासारखा दिवा मालवायचो, तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या बल्बखाली नुकती बसलेली असायची. इतके दिवस अण्णांचं जागरण मला टोचत होतं. हिचं शेजारच्या खोलीत चालू होतं आणि मला दिसलं नव्हतं.

तिला कुठलीही वही, कुठलीही तुऱ्हाटी उपयोगाची नव्हती. तिला दोन तास हवे होते, आणि त्यांतला बराचसा वेळ माझ्याकडं होता. आता जेवणानंतरची भांडी आणि ओटा माझ्याकडं आहे. पीठ मळून देतो, भाकरी अजून थापता येत नाही. आईला हे पहिल्यांदा आवडलं नाही. ‘पोराचा अभ्यास बुडतो’ असं ती शेजारी बोलून आली. बहीण सातला बसते, मधे जेवणापुरती उठते. भांड्यांत माझी पाऊण तास जाते आणि ती मी दुपारच्या गळतीतून काढलीय. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात ती मला सूट देईल का, हे अजून ठरायचंय. तिची परीक्षा आधी आहे.

काल साडेदहाला तिच्या खोलीतून वही आपटल्याचा आवाज आला. मग तिचं “झालं” ऐकू आलं. ती पुटपुटत नाही, ओरडते.