रुमालाबाहेरचा सौदा

वाशीच्या फळबाजारात हापूसच्या पेटीचा भाव रुमालाखाली ठरवण्याची रीत वर्षानुवर्षे चालत आली. दलाल आणि गिऱ्हाईक कापडाखाली एकमेकांची बोटं दाबतात, भाव ठरतो आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. रत्नागिरीत पेटी भरणाऱ्या बागायतदाराच्या हाती नंतर पट्टी पडते. ठरलं काय, हे त्याला त्या कागदावरच कळतं.

फोनवर घेतलेला निर्णय याहून फार वेगळा नसतो. दोघांचं बोलणं होतं, तिसऱ्याला ते ऐकू येत नाही. पण गंमत अशी, की पुष्कळदा त्या दोघांनाही एकच गोष्ट ऐकू आलेली नसते.

रत्नागिरी तालुक्यातल्या एखाद्या सामायिक बागेचं उदाहरण घेऊ. सातबाऱ्यावर तीन भावांची नावं आहेत. थोरला गावी असतो, मधला मुंबईत आणि धाकटा पुण्यात. कलमं १२०. हंगामासाठी बाग खंडाने द्यायची म्हणून जुलैत थोरला, मधला आणि बाग घेणारा यांचं फोनवर बोलणं होतं. फोन ठेवताना तिघेही म्हणतात, "ठरलं तर मग." धाकटा तेव्हा कामावर असतो. रात्री थोरला भावांच्या ग्रुपवर लिहितो, "बाग दिली. बाकी बोलल्याप्रमाणे."

सगळा घोटाळा त्या 'बोलल्याप्रमाणे'त असतो. बोलणं ज्याने ऐकलंच नाही, त्याला त्यातून काय कळणार? धाकटा अंगठा दाखवतो आणि त्याची संमती मिळाली असं सगळे धरून चालतात. त्याने संमती दिली ती भावावरच्या विश्वासाला. व्यवहार त्याला माहीतच नाही.

तोच निरोप मधल्याने असा लिहिला असता तर? "आज रात्री ८ वाजता दादा, मी आणि बाग घेणारे बोललो. १२० कलमं, फक्त येता हंगाम, २,४०,००० रुपये. त्यांतले १ लाख गणपतीआधी, उरलेले ३१ मार्चपर्यंत. काजूची झाडं यात नाहीत. कल्टार घालायचं नाही. माझ्या ऐकण्यात चूक असेल तर रविवारपर्यंत सांगा, सोमवारी दादा आगाऊ रक्कम घेईल."

यावर थोरल्याचं उत्तर येण्याची दाट शक्यता आहे: "कल्टारचं तसं ठरलं नव्हतं. तो म्हणाला 'बघू'."

निर्णय झालाच नव्हता हे इथे उघड होतं. आणि मुद्दा किरकोळ नाही. कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल. मोहोर लवकर आणि नियमित यावा म्हणून ते पावसाळ्यात कलमाच्या मुळांशी देतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस साधारण १५ जुलै ते १५ ऑगस्ट या काळाची आणि झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ३ मिलीची आहे. मात्र एका हंगामापुरती बाग घेणाऱ्याला झाडाच्या पुढच्या वर्षांची काळजी असेलच असं नाही. मात्रा वाढली, खत कमी पडलं तर कलम थकतं आणि त्याचा भुर्दंड मालकाला बसतो. हा वाद मार्चमध्ये निघाला तर औषध केव्हाच मुळांत उतरलेलं असतं. जुलैत निघाला तर एका फोनवर मिटतो.

म्हणून अशा निरोपात दुरुस्तीची मुदत रकमेइतकीच महत्त्वाची. मुदत नसेल तर निरोप निव्वळ वर्दी ठरतो. लिहिणाऱ्याच्या हाती एक सत्ताही असते: त्याची आठवण हीच सगळ्यांची आठवण ठरू शकते. त्यामुळे शक्यतो ज्याला त्या व्यवहारातून जास्त मिळणार आहे, त्याने लिहू नये.

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर १५ मिनिटांच्या आत बदलता येतो आणि तो बदलल्याची खूण दिसली, तरी आधी वाचून गेलेला माणूस पुन्हा बघायला येत नाही. चूक निघाली तर जुना निरोप तसाच ठेवून खाली नव्याने "दुरुस्ती: कल्टारबाबत अजून ठरलेलं नाही" असं लिहिणं बरं. ग्रुपवर निरोप आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल, तर जुलैचा निरोप फार तर ९० दिवसांनी, म्हणजे मोहोराच्याही आधी, नाहीसा होतो.

या निरोपाची मर्यादाही ओळखायला हवी. बाग घेणारा भावांच्या ग्रुपवर नाही. त्याला तोच मजकूर वेगळा पाठवून त्याचं "होय" घ्यावं लागेल. करार एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा असेल, तर नोंदणी कायद्याप्रमाणे तो नोंदवावा लागतो. प्रकरण कोर्टात गेलंच, तर छापलेला स्क्रीनशॉट नुसता पुढे करून भागत नाही. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं, की मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही त्या प्रमाणपत्राची तरतूद आहे.

तीन भाऊ कोर्टात जातील असं नाही. पण रविवारी रात्री पुण्याहून धाकट्याचा निरोप येईल: "दादा, काजू सोडले ते बरं झालं. विहिरीजवळची चार रायवळ झाडं कुणाकडे?" आणि थोरल्याला पुन्हा फोन लावावा लागेल.