सोडतीचं घर आणि वर्ग दोनची जमीन

सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ असा शेरा दिसला, की परभणीजवळच्या पिंगळीतला शेतकरी खरेदीचं बोलणं तिथंच थांबवतो. ही जमीन सरकारनं काही कारणानं दिलेली आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. परवानगी मिळते तेव्हाही बहुतेक वेळा नजराणा भरावा लागतो. तो चुकवून व्यवहार केला तर शर्तभंग होतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. नजराण्याची रक्कम भारी वाटते म्हणून लोक कुरकुरतात. पण जमीन फुकटात किंवा स्वस्तात मिळाली होती, तिच्या वाढलेल्या किमतीत समाजाचाही वाटा आहे, हे मनातून कुणी नाकारत नाही.

याच गावातली पोरं परभणी–पूर्णा लोहमार्गावरून पुण्याला जातात, चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत कामाला लागतात आणि काही वर्षांनी म्हाडाच्या सोडतीत अर्ज भरतात. तिथं लागलेल्या घराबद्दल मात्र गावचं हे शहाणपण कुठंतरी मागं राहतं. ‘घर लागलं’ म्हणजे ते आपलं झालं, आता ठेवू नाहीतर विकू, असं समजलं जातं.

सोडतीतलं घर स्वस्त का असतं, ते आधी पाहू. पुण्यासारख्या दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प उभारणाऱ्या बिल्डरला वीस टक्के घरं अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात. म्हाडा त्यांची सोडत काढते. त्यांची किंमत बाजारभावानं ठरत नाही, त्यामुळे त्याच आवारातल्या शेजारच्या इमारतीतलं घर कितीतरी महाग असू शकतं. समजा, सोडतीच्या घराची किंमत 20 लाख आहे आणि बाजारात तसंच घर 35 लाखांना जातं. मधले 15 लाख कुणी कमावलेले नसतात. ते धोरणानं दिलेले असतात, आणि ज्यांचे अर्ज सोडतीत लागले नाहीत त्यांचाही त्यांवर तेवढाच हक्क होता. म्हणून घराचा ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं ते विकायचं नाही, अशी अट असते. त्यानंतर विकायचं तर हस्तांतरासाठी परवानगी आणि शुल्क लागतं. मालक वारला तर वारसांच्या नावावर घर होतं, कारण ती विक्री नव्हे.

आता ही अट मोडते कशी, ते पाहू. एजंट येतो आणि म्हणतो, ‘पाच लाख रोख घ्या, बाकीचे बँकेचे हप्ते समोरचा भरेल.’ नोटरीपुढं करारनामा होतो, सोबत कुलमुखत्यारपत्र केलं जातं, आणि अनेकदा घर खरेदीदाराला मिळावं असं मृत्युपत्रही लिहून घेतात. किल्ली हातात दिली जाते. वीजबिल, सोसायटीची पावती आणि कर्जखातं मात्र जुन्याच नावावर राहतं. पाच वर्षं झाली की रीतसर खरेदीखत करू, असा तोंडी वायदा असतो.

यात दोघंही फसलेले असतात, फक्त त्यांना ते कळायला वेळ लागतो. मुखत्यारपत्र, मृत्युपत्र आणि करारनामा यांच्या जोरावर स्थावर मालमत्तेची मालकी जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये ‘सूरज लॅम्प’ खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे. मृत्युपत्र तर लिहिणारा जिवंत असेपर्यंत कधीही बदलू शकतो. साधं मुखत्यारपत्र देणारा वारला की संपतं, आणि मग दारात वारस उभे राहतात. किंमत वाढलेली पाहून विकणाऱ्याचंच मन फिरलं, तर खरेदीदाराला कोर्टात दाखवायला कागदांचं एक भेंडोळंच उरतं. दुसरीकडं, हप्ते थकले तर बँकेची नोटीस मूळ लाभार्थ्याच्या नावानं येते. आणि तपासणीला आलेल्या माणसाला घरात भलतंच कुटुंब दिसलं, तर वाटप रद्द होण्याची टांगती तलवार असते ती वेगळीच. असा व्यवहार ओळखणं अवघड नाही. घरात राहणाऱ्याकडं वाटपाचं पत्रही नसतं आणि स्वतःच्या नावाचं वीजबिलही नसतं.

हा कायद्याचा भाग झाला. मला त्याहून बोचतं ते वेगळं आहे. पिंगळीचा तो मुलगा अर्ज भरताना लिहून देतो, की त्या शहरात माझं किंवा बायकोचं घर नाही. ते खरं असतं. त्याला घर हवंच असतं. पण एजंटनं दाखवलेले पाच लाख त्याच्यासाठी बहिणीचं लग्न असतात, बापाचं ऑपरेशन असतं किंवा शेतीचं थकलेलं कर्ज असतं. गरजेपायी तो विकतो, आणि सोडतीतल्या फायद्याचा मोठा हिस्सा ज्याला मुळात अर्जच करता आला नसता त्याच्या हाती जातो. त्याच्याच जातकुळीचा दुसरा कामगार, ज्याचा अर्ज थोडक्यात राहिला, तो पुढच्या सोडतीची वाट पाहत भाड्याच्या खोलीत दिवस काढतो. अट मोडणाऱ्याला लबाड म्हणून मोकळं होता येतं, पण मला त्याला तसं म्हणवत नाही. लबाडी त्या एजंटची आहे, आणि घर रिकामं ठेवून नफ्याची वाट बघणाऱ्या सुस्थितीतल्या अर्जदाराची आहे.

सध्याची अट फक्त वेळ मोजते. पाच वर्षं संपली की सगळा वाढावा मालकाचा होतो. हस्तांतराचं शुल्क असतं, पण ते काही नफ्यातला वाटा म्हणून घेतलेलं नसतं. म्हणजे ज्याच्याकडं थांबण्याची ऐपत आहे, त्याला अट काहीच करत नाही, आणि ज्याला तिसऱ्याच वर्षी पैसा हवा आहे तो मागच्या दारानं जातो. वर्ग दोनच्या जमिनीचा नियम या बाबतीत अधिक सरळ आहे. तो परवानगीची वाट ठेवतो आणि वाटा मागतो. सिंगापूरनंही 2021 पासून शहराच्या मोक्याच्या भागातल्या सरकारी घरांसाठी तीच दिशा घेतली. तिथं दहा वर्षं राहण्याची अट घातली आणि पुनर्विक्रीच्या वेळी किमतीतला ठरावीक हिस्सा सरकारनं परत घ्यायचं ठरवलं.

आपल्याकडं निदान एक गोष्ट करता यावी. पाच वर्षांच्या आत खरी अडचण आलेल्या माणसाचं घर म्हाडानंच परत विकत घ्यावं. त्यानं भरलेली रक्कम आणि त्यावर रास्त व्याज त्याला द्यावं, आणि ते घर पुढच्या सोडतीत टाकावं. वरच्या उदाहरणात समजा तीन वर्षं झाली आहेत आणि त्यानं पदरचे व कर्जाच्या हप्त्यांचे मिळून सहा लाख भरले आहेत. ते सहा लाख व्याजासह त्याच्या हातात येतील, उरलेलं कर्ज म्हाडा बँकेला फेडेल. 15 लाखांचा फरक घरासोबत सोडतीत परत जाईल. एजंटच्या पाच लाखांहून ही रक्कम फारशी जास्त नाही, पण ती घेताना त्याला कुणाच्या मुखत्यारपत्रावर सही करावी लागणार नाही, आणि पुढची पाच-सात वर्षं बँकेच्या नोटिशीची धास्ती घेऊन जगावं लागणार नाही.