दोष बैलाचा नाही

आमच्या सोसायटीत मागच्या वर्षी दोन मोटारसायकली एका रात्रीत चोरीला गेल्या. आठवड्याभरात फाटकावर कॅमेरा लागला, रखवालदाराला नोंदवही मिळाली. त्या सभेत एक जण ऐटीत म्हणाला, “बैल गेला आणि झोपा केला!” ज्याची गाडी गेली होती तो समोरच बसला होता. हसलं कुणीच नाही. थोड्या वेळाने त्यानेच मान हलवून तीच म्हण पुन्हा म्हटली, तेव्हा मात्र सगळे मोकळेपणाने हसले. शब्द तेच होते, तोंड फक्त बदललं होतं.

या म्हणीतला ‘झोपा’ झोपेचा नाही. काटेरी फांद्या किंवा कामट्या बांधून केलेलं गोठ्याचं ओबडधोबड दार म्हणजे झोपा. बाभळीच्या चार फांद्या आणि सुंभाची दोरी, की काम झालं. म्हणीचा डंख इथेच आहे. उपाय हाताशी होता, स्वस्त होता, ठाऊकही होता, आणि तरी तो केला नाही. म्हणूनच कुणालाही आधी सुचलं नसतं अशा अपघाताला ही म्हण लावणं अन्यायाचं आहे. आणि बैल गेल्यावर झोपा करूच नये, असंही ती सांगत नाही. गोठ्यात अजून वासरू असतंच की!

पुष्कळ जण तिच्या जागी ‘वरातीमागून घोडे’ वापरतात, पण दोन्हींतला उशीर वेगळा आहे. घोडा वरातीच्या पुढे हवा. मागून आला तर कुणाचं काही चोरीला जात नाही, त्याचं काम तेवढं संपलेलं असतं. परीक्षा झाल्यावर हाती आलेल्या नोट्सना घोडे म्हणावं. नुकसान झाल्यावर केलेल्या बंदोबस्ताला झोपा.

गोठ्यातल्या म्हणी अशा एकेक करून पाहिल्या की एक गोष्ट जाणवते. नाव जनावराचं असलं तरी चूक त्याची नसते. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण मुलांच्या संगतीवर सर्रास ऐकवली जाते. इथे वाण म्हणजे वर्ण, रंग. पांढऱ्या बैलाशेजारी राहून तांबूस बैल पांढरा होत नाही, पण जू पाहिलं की मान काढून घेण्याची खोड मात्र उचलतो. प्रत्येक घरात आपला मुलगा पवळ्या असतो आणि शेजारचा ढवळ्या. पण म्हणीतलं ‘बांधला’ हे क्रियापद कुणाच्या कानावर पडत नाही. पवळ्या आपल्या पायांनी तिथे गेला नव्हता. दावणीला त्याची जागा मालकाने ठरवली होती. म्हणून ही म्हण मुलाला ऐकवण्यात अर्थ नाही. नव्या कारकुनाला कचेरीतल्या सर्वांत कामचुकार माणसाशेजारी टेबल देणाऱ्या साहेबाला ऐकवावी. तिथे ती नेमकी लागते, आणि टेबल हलवून उपायही करता येतो.

‘दुभत्या गाईच्या लाथा गोड’ ही तर मालकाची कबुलीच. लाथ लागते तेव्हा चरवी लवंडते, नडगीही सुजते. त्यात गोड काही नाही. गोड आहे ते दूध. गाय भाकड झाली की तीच लाथ कडू होते. रोज हुज्जत घालणारं पण पैसे वेळेवर चुकवणारं गिऱ्हाईक सांभाळताना दुकानदाराने ही स्वतःशी म्हणावी. आपण किती आणि कशासाठी सोसतोय, याचा हिशेब त्यातून होतो. मात्र घरात मार किंवा अपमान सोसणाऱ्या बाईला कमावत्या नवऱ्याबद्दल ही ऐकवणं म्हणजे लाथेची वकिली. लाथ कुणी खायची हे खाणाऱ्याने ठरवायचं, बघणाऱ्याने नव्हे.

‘मेल्या म्हशीला मणभर दूध’ या म्हणीत तर म्हैस उरलेलीच नाही. जिवंतपणी जिच्या दुधावर कुरकुर चालायची, ती गेल्यावर एकदम मणभर, म्हणजे 40 शेर दूध देऊ लागते. वाढ दुधात झालेली नाही, सांगणाऱ्याच्या तोंडात झाली आहे. सुतकाच्या घरात ही उच्चारू नये. तिथे थोडी अतिशयोक्ती माणसाला आधार देते. पण जुनं दुकान कसं सोन्यासारखं चालायचं, हे सांगून नव्या भागीदाराकडून जास्त पैसे मागणारा भेटला, तर जरूर म्हणावी.

सभेतल्या त्या गृहस्थाची म्हण चुकीची नव्हती. झोपा न करणाऱ्यांत तो स्वतःही होता, कारण कॅमेऱ्याच्या वर्गणीला आदल्या वर्षी नाही म्हणणाऱ्यांत त्याचाही हात वर होता. माझाही होता.