पाच तासांची किल्ली

गेल्या हिवाळ्यात बाबांना घेऊन साताऱ्याजवळ एका लग्नाला गेलो होतो. फोटो काढता काढता साडेपाचच्या सुमारास माझा फोन बंद पडला. चार्जर गाडीत होता. चार लोकांत चार्जर मागत फिरण्यापेक्षा गाडीत बसल्यावर लावू, असं म्हणून मी फोन खिशात टाकला. रात्री अकराला आम्ही गाडीपाशी आलो आणि मग लक्षात आलं की गाडीची किल्लीही तोच फोन आहे. बाबांच्या रात्रीच्या गोळ्या समोरच्या कप्प्यात होत्या. काचेतून डबी दिसत होती.

फोन मेला की ही किल्ली लगेच मरते असं नाही, हे मला माहीत होतं. म्हणूनच तर मी दुपारी निर्धास्त होतो. त्या निर्धास्तपणाचं मूळ समजायला ही किल्ली आतून कशी चालते ते थोडं पाहावं लागेल.

फोनमध्ये एक वेगळी, सुरक्षित चिप असते. किल्ली तयार होते तेव्हा एक गुप्त संख्या त्या चिपमध्ये जन्मते आणि तिथून कधीही बाहेर पडत नाही. गाडीकडे असते तिची उघड जोडीदार. दाराशी गेल्यावर गाडी दरवेळी नवा प्रश्न विचारते, चिप गुप्त संख्येच्या आधारे उत्तर देते आणि गाडी ते पडताळते. या संवादाला इंटरनेट लागत नाही. डोंगरात किंवा तळघरातल्या पार्किंगमध्येही दार उघडतं. लागते ती फक्त वीज.

हा संवाद दोन वाटांनी होतो. पहिली एनएफसीची. मेट्रोचं कार्ड टेकवतो तसा फोन दाराच्या हँडलला टेकवायचा आणि आत बसल्यावर ठरलेल्या जागी ठेवून गाडी सुरू करायची. दुसरी अल्ट्रा-वाइडबँडची. तिच्यात फोन खिशातून काढावाही लागत नाही. ब्लूटूथवरून ओळख पटते आणि मग रेडिओ लहरीला जायला-यायला किती वेळ लागला यावरून गाडी अंतर मोजते. लहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते, त्यामुळे हे मोजमाप फार बारीक असतं. ते चोरांसाठी केलं आहे. जुन्या बिनचावीच्या गाड्यांत एक चोर घराच्या दाराशी आणि दुसरा गाडीशी उभा राहून किल्लीचा सिग्नल पुढे पोचवत असे. गाडीला वाटे, मालक जवळच आहे. वेळ मोजली की हा वळसा उघडा पडतो. कार कनेक्टिव्हिटी कन्सॉर्शियमच्या २०२१च्या मानकात ही दुसरी वाट आली.

फोनची बॅटरी संपली की दुसरी वाट बंद होते. पहिली मात्र काही फोनांत थोडा वेळ चालू राहते. बॅटरी संपली म्हणून फोन बंद होतो तेव्हा ती पूर्ण रिकामी झालेली नसते. उरलेल्या अंशावर एनएफसी आणि ती सुरक्षित चिप जागी ठेवता येते. अशी सोय असलेल्या आयफोनमध्ये ती जास्तीत जास्त पाच तास चालते, असं कंपनीच सांगते. गंमत म्हणजे आपण स्वतः बटण दाबून फोन बंद केला तर ही सोय मिळत नाही. चार टक्के उरलेत, वाचवू या, म्हणून विचारपूर्वक फोन बंद करणारा दाराबाहेर राहतो. माझ्यासारख्या बेफिकिराला पाच तासांची सवलत मिळते.

त्या सवलतीकडे मी आता नैतिक निर्णय म्हणून पाहतो. फोन जिवंत असतो तेव्हा ही व्यवस्था किती काटेकोर असते पाहा. ती नॅनोसेकंद मोजते, मालकाने सांगितलं असेल तर चेहराही तपासते. फोन मेल्यावर चेहरा पाहायला कॅमेरा नाही, पासकोड टाकायला पडदा नाही. मग ती फक्त एवढंच विचारते, वस्तू हातात आहे ना? म्हणजे शेवटच्या पाच तासांत ही आधुनिक किल्ली आजोबांच्या कुलपाच्या किल्लीसारखी होते. ज्याच्या हातात ती, त्याची गाडी. मेलेला फोन चोराला सापडला तर त्यालाही तेवढीच सवलत. ती किल्ली कंपनीच्या अ‍ॅपमधून रद्द करता येते, पण तो निरोप पोचायला गाडीला नेटवर्क हवं.

कुणीतरी कुठल्यातरी खोलीत बसून हे ठरवलं असणार. मीही अशा खोल्यांत बसतो. एका बाजूला शंभरातला एखादा चोर, दुसऱ्या बाजूला रात्री रस्त्यावर अडकलेला माणूस. इथे त्यांनी अडकलेल्याची बाजू घेतली, आणि मला ते बरोबर वाटतं. चोराला अडवण्याच्या नादात खऱ्या मालकाला उघड्यावर ठेवणारं कुलूप आपलं मूळ काम विसरलेलं असतं. पण त्या दयेला मुदत आहे, आणि आम्ही अर्धा तास उशिरा पोचलो होतो.

मी हँडलला फोन लावून पाहिला, उलटा केला, पुन्हा लावला. बाबा म्हणाले, "दुसरी किल्ली?" होती. गाडीबरोबर मिळालेलं एनएफसी कार्ड. त्याला बॅटरीच नसते, गाडीच्याच लहरींतून ते वीज घेतं, म्हणून ते असं मरत नाही. मी ते 'सुरक्षित राहावं' म्हणून पुण्यात कपाटात ठेवलं होतं. शेवटी मांडववाल्याच्या माणसाने त्याचा चार्जर दिला. जनरेटरजवळच्या खुर्चीत बाबा वीस मिनिटं बसले, फोन चालू झाला, दार उघडलं. बाबांनी गोळी घेतली आणि त्यावर काही बोलले नाहीत.

परतताना मी चूक कोणाची, याचा हिशेब करत होतो. मुदत मला माहीत होती, तेव्हा चूक माझीच. पण ती कसली, हे उशिरा समजलं. चार्जर गाडीत, गोळ्या गाडीत आणि गाडी फोनमध्ये. सगळे उपाय मी एकाच दाराआड ठेवले होते. पर्याय खरा तेव्हाच, जेव्हा तो मूळ गोष्टीबरोबर मरत नाही. घड्याळातली डिजिटल किल्लीही त्याच रात्री डिस्चार्ज होऊ शकते. कार्ड होत नाही.

आमच्या जुन्या वाड्यात शेजारच्या काकूंच्या खिळ्यावर आमची किल्ली असायची. काकू कधी आमच्या घरात शिरल्या नाहीत, पण आम्ही कधी दाराबाहेरही राहिलो नाही. डिजिटल किल्लीही दुसऱ्याला पाठवता येते, मात्र त्याच्याकडे चालणारा फोन हवा, आणि पाठवणाऱ्याने हवी तेव्हा ती काढून घेता येते. ही सोय उपयोगाची आहे, पण ती परवानगी आहे. खिळ्यावरची किल्ली हा विश्वास होता. तो परत घ्यायचा तर काकूंच्या दारात जाऊन तोंडाने मागावा लागला असता.

आता ते कार्ड बाबांच्या पाकिटात असतं. बाबा गाडी चालवत नाहीत. फोनला माझा चेहरा ओळखता येतो, तो मेला की मात्र मला बाबांच्या पाकिटाची आठवण ठेवावी लागते. एवढी परावलंबी किल्ली मला जास्त सुरक्षित वाटते.